‘साक्षात्कारासाठी लवकर बोलवा’

मराठी ही घरची भाषा नसलेल्या माणसावर मराठीत नोकरीचा अर्ज लिहायची वेळ फारशी येत नाही. मोठ्या कंपन्यांचं इंग्रजीवर भागतं. पण काही नोकऱ्या अशा असतात की तिथे मराठीवाचून पान हलत नाही. गावोगावच्या शाळांत काम करणारी एखादी संस्था, तालुक्याची पतसंस्था किंवा धर्मादाय रुग्णालय घ्या. तिथली जाहिरात मराठीत असते आणि शेवटच्या ओळीत ‘अर्ज मराठीत पाठवावा’ असं लिहिलेलं असतं. या ओळीचा अर्थ साधा आहे: मुलाखतीच्या आधीची परीक्षा हा अर्जच.

मी मोठ्या माणसांना मराठी शिकवते. खाली दिलेलं पत्र कुणा एका व्यक्तीचं नाही. वर्गात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते मी जुळवलं आहे. ते लिहिणारी मुलगी अशी समजा: कानपूरची, घरची भाषा हिंदी, तीन वर्षं पुण्यात. मराठी शिकली ती थोडी संध्याकाळच्या वर्गात, थोडी मैत्रिणींकडून आणि बरीचशी कामाच्या ठिकाणी. आता ती मधल्या टप्प्यावर आहे. ओळखीच्या विषयावर न अडखळता बोलते, वर्तमानपत्रातली साधी बातमी वाचते, एखादं पान लिहूही शकते. एका संस्थेला ‘क्षेत्र समन्वयक’ हवा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांसाठी वाचनाचे तास घ्यायचे, पालकसभांना जायचं, महिन्याला एक अहवाल द्यायचा आणि महिन्यातले पंधरा दिवस गावांत राहायचं, असं ते काम. तिने लिहिलेला अर्ज असा:

प्रति,
मा. सचिव महोदय,

विषय : क्षेत्र समन्वयक पदासाठी अर्ज

आदरणीय सर,
स. न. वि. वि.

मला तुमच्या जाहिरातची सूचना मिळाली. उपरोक्त पदासाठी माझ्याकडून अर्ज करण्यात येत आहे. मी कानपूरमधून शिक्षा घेतली आहे. मी दोन वर्षं एका शाळेत काम केली आहे. मुलांना गोष्टी वाचून दाखवणं मला लई आवडतं. मी गेल्या तीन वर्षांपासून पुण्यात राहते आणि मराठी शिकत आहे, पण कधीकधी चूक होऊन जाते, त्यासाठी माफ करा. आपण मला संधी दिली तर मी पूर्ण चेष्टा करीन. सदरहू काम मी प्रामाणिकपणे पार पाडीन याची नोंद घ्यावी. मला साक्षात्कारासाठी लवकर बोलवा.

आपली आज्ञाधारक,

मराठी माणूस हे वाचताना दोन-तीन ठिकाणी हसेल. मुलगी काय म्हणते आहे ते त्याला कळेल, त्यात शंका नाही. पण पत्र खाली ठेवल्यावर तिच्याविषयी त्याचं काही नीटसं मत होणार नाही. एका ओळीत ती कलेक्टर कचेरीतल्या कारकुनासारखी बोलते, पुढच्या ओळीत एसटी स्टँडवरच्या मैत्रिणीसारखी आणि शेवटी पाचवीतल्या विद्यार्थिनीसारखी. व्याकरणाच्या म्हणाव्या अशा चुका यात तीनच आहेत. पत्र बिघडलं आहे ते सूर सारखा बदलल्यामुळे.

भाषाशिक्षणात याला ‘रजिस्टर’ म्हणतात. कुणाशी, कुठे आणि कशासाठी बोलतो त्याप्रमाणे शब्दांची निवड, क्रियापदाचं रूप, वाक्याची ठेवण हे सगळं बदलतं, ते रजिस्टर. युरोपच्या परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेली भाषापातळ्यांची चौकट आता जगभर वापरतात. तिच्यात मधल्या टप्प्यावरच्या, म्हणजे ‘बी-१’ पातळीच्या माणसाकडून अपेक्षा आहे ती तटस्थ सुरात नेहमीचे व्यवहार पार पाडण्याची. प्रसंगानुसार औपचारिक किंवा अनौपचारिक सूर आत्मविश्वासाने लावता येणं ही त्यापुढच्या पातळीची गोष्ट. आमच्या या मुलीची अडचण इथेच आहे. तटस्थ मराठी तिला येते, पण नोकरीचा अर्ज म्हटल्यावर ती पुरेशी वाटली नाही. मग जिथून जे भारदस्त वाटलं, ते तिने उचललं. प्रत्येक विचित्र शब्दाकडे नीट पाहिलं की तो कुठून आला ते सांगता येतं.

सगळ्यात मजेशीर शब्द हिंदीतून आलेत. शिक्षा, चेष्टा, सूचना, साक्षात्कार. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. कानपूरमधून शिक्षा घेतलेली उमेदवार तुरुंगातून सुटून आली की काय, असं वाचणाऱ्याला क्षणभर वाटेल. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपल्याकडे चेष्टा म्हणजे थट्टा, तीही पूर्ण करीन असं वचन. सूचना हिंदीत माहिती असते, मराठीत एखाद्याने काय करावं याचं सांगणं. आणि हिंदीतला साक्षात्कार म्हणजे मुलाखत. मराठीत तो संतांना होतो, आणि त्यासाठी सचिवांकडे अर्ज करून भागत नाही.

पण हसून झाल्यावर विचारायचा प्रश्न असा की हीच मुलगी बोलताना या चुका का करत नाही? भाजी घेताना, बसमध्ये, मैत्रिणींशी ती बरोबर मराठी बोलते. याचं कारण असं की रोजच्या हिंदीतही ती चेष्टा म्हणत नाही, कोशिश म्हणते. इंटरव्ह्यू म्हणते, साक्षात्कार नाही. अर्ज लिहायला बसल्यावर ती आधी आपल्या हिंदीत वरच्या पायरीवर चढली. शाळेत तिला शिकवलेलं असतं की शुद्ध, आदराची हिंदी म्हणजे संस्कृत शब्दांची हिंदी. मग तिने असं धरलं की संस्कृत शब्द दोन्ही भाषांत सारखेच, म्हणजे तेवढे तरी बिनधोक. उलट घात तिथेच होतो. संस्कृत शब्द दोन्ही भाषांनी घेतले, पण शतकानुशतकं आपापल्या परीने वापरले, त्यामुळे त्यांचे अर्थ वेगवेगळ्या दिशांना गेले. अभ्यास हिंदीत सराव, मराठीत पुस्तक घेऊन बसणं. निवेदन हिंदीत विनंती, मराठीत जाहीर सांगणं किंवा मोर्चाने जाऊन कलेक्टरला द्यायचा कागद. ऐकायला सारखा आणि अर्थाने निराळा असा शब्द औपचारिक लिखाणातच जास्त भेटतो, म्हणून बोलण्यात न दिसणारी चूक अर्जात दिसते.

शिवाय मराठीत नोकरीच्या व्यवहाराचे नेहमीचे शब्द संस्कृत नाहीतच. अर्ज, जाहिरात, मुलाखत, शिफारस, दाखला, हजर, रजा हे सगळे अरबी-फारसीतून आलेले. पगार तर पोर्तुगिजांकडून आला. हिंदीभाषकाच्या कानाला हे शब्द अघळपघळ, बाजारातले वाटतात, कारण तिकडच्या सरकारी हिंदीत त्यांच्या जागी आवेदन, विज्ञापन, अवकाश, वेतन बसवलेले आहेत. मराठीत मात्र अर्ज आणि मुलाखत अगदी मंत्रालयाच्या कागदावरही चालतात. म्हणून मी वर्गात सांगते की अर्जात भारदस्त संस्कृत शब्द सुचला की थांबा आणि जाहिरात पुन्हा वाचा. जाहिरातीत जो शब्द आहे तोच वापरा. जाहिरात ‘मुलाखत’ म्हणते, तर तुम्हीही मुलाखतच म्हणा. ती ‘अहवाल’ म्हणते, तर रिपोर्ट नको आणि वृत्तांतही नको. कोणता सूर लावायचा याचं उत्तर बहुतेक वेळा जाहिरातीतच लिहिलेलं असतं.

दुसरा उगम आहे सरकारी कागद. उपरोक्त, सदरहू, ‘करण्यात येत आहे’, ‘याची नोंद घ्यावी’. हे शिकणाऱ्याला सहज सापडतात, कारण सोसायटीच्या फलकापासून वीजबिलापर्यंत हीच मराठी डोळ्यांसमोर असते. ‘करण्यात येत आहे’ ही रचना कार्यालयाला सोयीची, कारण तिच्यात कर्ता दिसत नाही. पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येत आहे. कोण ठेवतंय ते विचारू नका. अर्जात मात्र कर्ता दिसायलाच हवा. संस्थेला माणूस हवा आहे आणि हा माणूस वाक्याच्या आड लपून ‘माझ्याकडून अर्ज करण्यात येत आहे’ म्हणतोय. ‘मी अर्ज करत आहे’ यात कमीपणा काही नाही.

‘नोंद घ्यावी’चा घोटाळा जास्त बारीक आहे. मराठीत क्रियापदाला ‘-वे’ लावलं की बोलणं नम्र होतं, असं आम्ही शिक्षकच शिकवतो: यावे, बसावे, कळवावे. ते खरंही आहे. पण हेच रूप वरच्या माणसाकडून खालच्या माणसाकडे जाताना हुकूम होतो. ‘सर्व कर्मचाऱ्यांनी दहा वाजता उपस्थित राहावे, याची नोंद घ्यावी’ ही विनंती नाही, हे कर्मचाऱ्यांना पक्कं कळतं. तेव्हा उमेदवाराने सचिवांना ‘नोंद घ्यावी’ म्हटलं की जागा उलट होतात. हेच रूप विनंती व्हायला शेवटी दोन शब्द लागतात: ‘मुलाखतीची संधी द्यावी, ही विनंती.’ आणि गंमत अशी की एका ओळीत इतकी सरकारी झालेली ही मुलगी लगेच पुढच्या ओळीत ‘लवकर बोलवा’ म्हणते. बोलण्यात ‘लवकर बोलवा हं’ हे गोड लागलं असतं, कारण तिथे आवाज आणि चेहरा मदतीला असतात. कागदावर ते तगादा लावल्यासारखं वाटतं.

तिसरा उगम शाळेचं पुस्तक. ‘स. न. वि. वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. घरच्या आणि ओळखीच्या पत्रांचा हा जुना मायना. आजही काही वयस्कर मंडळी तो कुठल्याही पत्रात लिहितात, पण अनोळखी सचिवांना सप्रेम नमस्काराची गरज नाही. ‘आज्ञाधारक’ ही शाळेतल्या मुलाची मुख्याध्यापकांना लिहिलेल्या पत्रातली सही. पदवी घेतलेल्या, दोन वर्षं नोकरी केलेल्या बाईने ती वापरली की उगीच लाचारी दिसते. ‘आपली विश्वासू’ पुरे. ‘मा. सचिव महोदय’ यात आदर दोनदा झाला, त्यातला एक ठेवावा. ‘आदरणीय सर’मध्ये सचिव पुरुषच असणार असं गृहीत धरलं आहे, नाव माहीत नसेल तर ‘महोदय/महोदया’ लिहिलेलं बरं. नमस्काराच्या बाबतीत संस्थांचे आपापले रिवाजही असतात. चळवळीतून आलेल्या काही संस्थांत पत्राची सुरुवात ‘सप्रेम जय भीम’ किंवा ‘जिंदाबाद’ने होते. ते त्या घरचं बोलणं आहे. बाहेरून येणाऱ्याने पहिल्याच पत्रात ते उचललं तर लगट वाटते. ‘सादर नमस्कार’ सगळीकडे चालतो.

राहिला ‘लई’. तो शब्द ती कामाच्या ठिकाणी, सातारा-सोलापूरकडच्या सहकाऱ्यांकडून शिकली. त्याला मी चूक म्हणणार नाही. उलट, गावातल्या शाळेत मुलांसमोर ‘लई’ म्हणणारी समन्वयक ‘अत्यंत’ म्हणणारीपेक्षा लवकर आपली होईल. पण अर्ज वाचणारा माणूस कागदावर तो शब्द पाहून थबकतो, कारण त्याच्याच आजूबाजूला ‘उपरोक्त’ आणि ‘सदरहू’ उभे आहेत. ‘खूप’ लिहावं. मुलाखतीत शाळेतला एखादा प्रसंग सांगताना ‘लई’ आपोआप आला तर येऊ द्यावा.

आता तुम्ही आणि आपण. हिंदीभाषकांचा इथे हमखास गोंधळ होतो, आणि तो मराठी माणसाच्या लक्षात येत नाही. हिंदीत तू, तुम, आप अशा तीन पायऱ्या आहेत. मराठीचं ‘तुम्ही’ त्यांना ‘तुम’सारखं ऐकू येतं, म्हणून ते अर्धवट आदराचं वाटतं. प्रत्यक्षात मराठी बोलण्यात ‘तुम्ही’ पूर्ण आदराचं आहे. सासऱ्यांनाही चालतं आणि जिल्हाधिकाऱ्यांनाही. ‘आपण’ ही लिखाणातली, सभेतली आणखी एक पायरी. अर्जात ‘आपण’ वापरण्याची पद्धत आहे, ‘तुम्ही’ वापरलं म्हणून कुणी रागावणार नाही. वाईट दिसतं ते दोन्ही एकत्र. या पत्रात पहिल्या ओळीत ‘तुमच्या’ आहे आणि पुढे ‘आपण’. एक निवडून शेवटपर्यंत तेच ठेवायचं.

‘आपण’ निवडलं तर एका ठिकाणी जपावं लागतं. मराठीत ‘आपण’ म्हणजे समोरचे आदरणीय, ‘आपण’ म्हणजे मी आणि तुम्ही मिळून सगळे, आणि ‘आपला’ म्हणजे ज्याचा त्याचा, स्वतःचाही. ‘मी आपल्या शाळेत वाचनालय चालवत होते’ असं लिहिलं तर शाळा कुणाची? सचिवांची, की लिहिणारीची? क्रियापदावरून कधीकधी कळतं: ‘आपण कळवाल’ म्हणजे समोरचे कळवतील, ‘आपण कळवू’ म्हणजे दोघं मिळून. पण ‘आपल्या’ला असा आधार नसतो. म्हणून स्वतःच्या गोष्टींना ठामपणे ‘माझ्या’ म्हणावं आणि ‘आपल्या’ हा शब्द फक्त समोरच्या संस्थेसाठी राखून ठेवावा.

लिहिण्यातली आणखी एक खूण म्हणजे शेवटचा अनुस्वार. ‘वर्षं’, ‘दाखवणं’, ‘आवडतं’ ही बोलण्यातली रूपं. लिखाणातली ‘वर्षे’, ‘दाखवणे’, ‘आवडते’. साहित्य महामंडळाच्या ज्या लेखननियमांना शासनाने १९६२ साली मान्यता दिली, त्यांत याविषयी नियम आहे. पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घालायची असेल तर अनुस्वार, एरवी ए-कार. मासिकांनी हे कधीच सैल केलं आहे, हा लेखही मी बोलीतल्या अनुस्वारानेच लिहिते आहे, कारण इथे माझं तुमच्याशी बोलणं चाललं आहे. अर्जात मात्र मी ‘वर्षे’च लिहीन. शिकणाऱ्याला हा फरक सहसा कुणी सांगत नाही. वर्गात बोलणं शिकवतात, म्हणून त्याला अनुस्वार येतो. वर्तमानपत्र वाचतो, म्हणून ए-कारही येतो. आणि अर्जात दोन्ही शेजारी-शेजारी बसतात.

व्याकरणाच्या तीन चुकांतली एक सविस्तर सांगण्यासारखी आहे. ‘मी दोन वर्षं एका शाळेत काम केली आहे.’ लिहिणारी स्त्री, म्हणून तिने ‘केली’ केलं. पण इथे क्रियापद लिहिणाऱ्याकडे पाहत नाही, कामाकडे पाहतं: मी काम केले, मी नोकरी केली, मी अर्ज केला. हा नियम हिंदीतही आहे, ‘मैंने काम किया’. मग हिंदीभाषक चुकतो का? हिंदीत ‘मैंने’मधला ‘ने’ त्याला आठवण करून देतो. मराठीत ‘त्याने’, ‘तिने’ असतं, पण ‘मी’ला ‘ने’ लागत नाही. आठवण करून देणारी खूणच गेली, आणि ‘मी’ दिसल्याबरोबर क्रियापद त्याच्याशी जुळवलं गेलं. यावर एक सोपी परीक्षा आहे. ‘मी’च्या जागी ‘तिने’ ठेवून वाक्य म्हणून पाहायचं. ‘तिने काम केले’ जमलं, म्हणजे ‘मी काम केले’. ‘तिने मराठी शिकली’ मात्र कानाला खटकतं, तिथे ‘ती मराठी शिकली’ हवं. म्हणून ‘मी मराठी शिकले’, आणि पुरुष असेल तर ‘शिकलो’. शिकणे, विसरणे अशी थोडीच क्रियापदं या वाटेने जातात, ती पाठ करावी लागतात. उरलेल्या दोन चुका छोट्या. ‘जाहिरातची’ नव्हे, ‘जाहिरातीची’. आणि ‘चूक होऊन जाते’ हे ‘हो जाती है’चं मराठी, आपण नुसतं ‘चूक होते’ म्हणतो. ‘तीन वर्षांपासून’ला चूक म्हणता येणार नाही, पण ‘गेली तीन वर्षे’ जास्त मराठी.

हे सगळं दुरुस्त केलं तरी पत्रात एक उणीव राहतेच, आणि ती भाषेची नाही. वाचून संपल्यावर सचिवांना या मुलीबद्दल काय कळलं? शाळेत दोन वर्षं होती आणि गोष्टी वाचायला आवडतात, इतकंच. भारदस्त शब्दांमागे धावण्यात सांगण्यासारखं राहून गेलं. मी तिला विचारते, त्या शाळेत शनिवारी काय करायचीस? मग कळतं की दुसरी ते चौथीच्या मुलांना ती गोष्टी वाचून दाखवायची, कोणी कोणतं पुस्तक नेलं त्याची वही ठेवायची. हे साध्या शब्दांत सांगायला तिची मराठी पुरते. तटस्थ सुराचा फायदा हाच की त्यात वस्तू आणि कामं सांगता येतात.

भाषेबद्दलची माफीही काढून टाकायची. ‘चूक होते, माफ करा’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, फक्त संकोच पोचतो. संस्थेला जाणून घ्यायचं असतं ते असं: ही पालकसभेत बोलू शकेल का? अहवाल लिहू शकेल का? त्याचं खरं उत्तर द्यावं. बोलता येतं, वाचता येतं, लिहिताना शब्दकोश लागतो. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि पहिल्या महिन्यात अहवाल आल्यावर कुणाला धक्काही बसत नाही.

दुरुस्त झालेलं पत्र असं:

प्रति,
मा. सचिव,
(संस्थेचे नाव व पत्ता)

विषय : क्षेत्र समन्वयक पदासाठी अर्ज

महोदय/महोदया,
सादर नमस्कार.

आपल्या संस्थेची क्षेत्र समन्वयक पदाची जाहिरात मी वाचली. या पदासाठी मी अर्ज करत आहे.

मी कानपूर येथे बी. ए. केले. त्यानंतर तिथल्या एका प्राथमिक शाळेत दोन वर्षे काम केले. दर शनिवारी मी दुसरी ते चौथीच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवत असे. मुलांना घरी नेण्यासाठी पुस्तके देणे आणि त्यांची नोंद ठेवणे हेही माझ्याकडे होते. न वाचणारे मूल पुस्तक कसे मागू लागते, हे मी तिथे शिकले.

गेली तीन वर्षे मी पुण्यात राहते. माझी मातृभाषा हिंदी आहे. मला मराठी बोलता आणि वाचता येते. लिहिताना मला अजून शब्दकोशाची मदत लागते. महिन्यातून पंधरा दिवस गावांत राहण्याची माझी तयारी आहे.

मुलाखतीची संधी द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल क्रमांक)

सोबत : पदवी प्रमाणपत्राची प्रत, शाळेचे अनुभवपत्र

या पत्रात एकही शब्द असा नाही की जो तिला आधीपासून येत नव्हता. मुद्दाम तसं ठेवलं आहे. ‘न वाचणारे मूल पुस्तक कसे मागू लागते’ हे वाक्य मी लिहिलं असतं तर कदाचित ‘मुलांमध्ये वाचनाची गोडी निर्माण करणे’ असं झालं असतं. शंभर अर्जांपैकी नव्वदांत ते असतं. तिच्याकडे तो तयार साचा नाही, म्हणून तिचं वाक्य ताजं आलं. शिकणाऱ्याच्या भाषेचा हा एक फायदा आहे, तो दुरुस्त करणाऱ्याने घालवू नये. मराठी मित्रमैत्रिणींना अर्ज दाखवावा, पण त्यांच्याकडून नव्याने लिहून घेऊ नये. मित्राने लिहिलेला झुळझुळीत अर्ज ओळखायला वेळ लागत नाही. मुलाखतीत दोन मिनिटं झाली की कागदावरची मराठी आणि समोरची मराठी यांतलं अंतर दिसतं, आणि मग चांगलं बोलणाऱ्या उमेदवाराबद्दलही शंका येते. अर्ज तिच्या रोजच्या मराठीपेक्षा एक पायरी वर असावा, दोन नाही. मित्राला विचारायचे प्रश्न ठरलेले असावेत: कुठे हसू आलं? कुठे हुकूम केल्यासारखं वाटलं? कुठे मी लहान मुलगी वाटले? तुम्ही-आपण एकच राहिलंय का? ‘हे बरोबर आहे का?’ एवढंच विचारलं तर मित्र ऱ्हस्व-दीर्घ तपासून कागद परत देतो.

बऱ्याच छोट्या संस्था आता अर्ज ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर मागवतात, आणि तिथे सूर पुन्हा बदलतो. संपूर्ण अर्ज निरोपाच्या चौकटीत चिकटवायचा नाही. तो वेगळ्या कागदावर जोडायचा आणि वर दोन ओळी लिहायच्या: ‘नमस्कार. क्षेत्र समन्वयक पदासाठीचा माझा अर्ज सोबत जोडला आहे. मिळाल्याचे कृपया कळवावे.’ इथे प्रति, विषय, विश्वासू काही लागत नाही. हात जोडलेली चित्रंही पहिल्या निरोपात नकोत. तिकडून ‘मिळाला, सोमवारी फोन करतो’ असं अगदी बोलीत उत्तर आलं तर तिनेही ‘हो, चालेल. धन्यवाद’ इतकंच लिहावं. त्यावर ‘आपल्या तत्पर प्रतिसादाबद्दल मी आपली ऋणी आहे’ असं कुणी लिहू लागलं, की फोन करणारा सोमवारी जरा दबकूनच बोलेल.